मुक्ता नाव का ठेवलं

आज भाचीचं बारसं झालं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पण दादा-वहिनीने आणखी एक काम सोपवलं होतं : हेच नाव का, ते सगळ्यांसमोर सांगायचं.

'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, मी कुर्र करून 'मुक्ता' म्हटलं, रीतीप्रमाणे पाठीत धपाटे खाल्ले आणि बोलायला उभी राहिले.

आधी अक्षराचं सांगून टाकलं. बाळाचं नक्षत्र आर्द्रा, दुसरा चरण, म्हणून अक्षर आलं 'घ'. त्यावरून गुरुजींनी सुचवलेलं जन्मनाव पत्रिकेत राहील, हाक मात्र मुक्ता अशीच मारायची. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती.

हरकत होती मोठ्या काकूची. आठवडाभर ती म्हणत होती, "अगं, मुक्ताबाई किती लवकर गेली! अल्पायुषी माणसाचं नाव लेकराला ठेवू नये." सीतेच्या वाट्याला आलेल्या दुःखामुळे तिचं नावही आमच्या घरात कुणी ठेवलेलं नाही, त्यामुळे काकूची भीती मला उडवून लावायची नव्हती. मी तिच्याकडेच बघून बोलले.

काकू, तू म्हणतेस ते खरं आहे. 1279 चा जन्म धरला तर 1297 मध्ये मुक्ताबाई जेमतेम अठरा वर्षांची होती. पण तेवढ्या वयात तिने काय केलं ते बघ. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा बाहेर उभं राहून समजावणारी ही धाकटी बहीण होती. 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' असं ती वडील भावाला म्हणते. त्यात लाडीगोडी आहे आणि हक्कही आहे. जग आगीसारखं झालं तर संताने पाणी व्हावं, हे ती त्याला सांगते, जो पुढे सगळ्यांची माउली झाला.

दुसरी मुक्ता वहिनीने सुचवली होती. मुक्ता साळवे, पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतली मुलगी. चौदाएक वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय'ने छापला. ज्यांना वेद वाचायचाही अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असं तिने थेट विचारलं होतं. वहिनी शाळेत शिकवते. मुलीला मोठ्यांपुढे प्रश्न विचारता यावा, एवढंच तिला नावातून हवं होतं.

मुक्ता म्हणजे मोकळी, आणि मुक्ता म्हणजे मोतीही. काकूला मोती पटला. घुगऱ्या वाटताना तिने पाळण्यात वाकून "काय गं मोत्या" म्हटलं, आणि वहिनीने ते लगेच मान्य केलं. घरात हेही नाव चालणार असं दिसतंय.

जन्मदाखल्यावर अजून नावाची जागा रिकामी आहे. सोमवारी दादा पालिकेत अर्ज देऊन येईल. वर्षाच्या आत नाव घातलं की शुल्क लागत नाही.