आमची वाटचाल: रोजच्या विक्रीतून कुठल्याही कालावधीची बेरीज

विक्रीचे अहवाल दाखवणारं सॉफ्टवेअर हा आमचा छोटा व्यवसाय. त्यात ग्राहक सतत एकच प्रश्न विचारतो: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत किती विक्री झाली? सुरुवातीच्या आवृत्तीत आम्ही सरळ त्या दिवसांचे आकडे घेऊन बेरीज करायचो. एका प्रश्नाला ते पुरतं. पण वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी 'मागच्या 30 दिवसांची विक्री' असा आलेख काढायचा तर 365 × 30, म्हणजे 10,950 आकडे मिळवावे लागतात, आणि त्यातले बहुतेक पुन्हा पुन्हा तेच असतात.

त्या जागी प्रीफिक्स सम आली. प्रत्येक दिवसासमोर पहिल्या दिवसापासून तोवरची एकूण बेरीज लिहून ठेवायची. समजा सात दिवसांची विक्री 40, 25, 0, 60, -10, 35, 50 आहे. उणे दहा म्हणजे त्या दिवशी विक्रीपेक्षा परत आलेला माल जास्त. या पद्धतीला त्याची काही अडचण नाही. साठलेल्या बेरजा अशा होतात: 0, 40, 65, 65, 125, 115, 150, 200. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची विक्री हवी असेल तर पाचव्यापर्यंतच्या 115 मधून पहिल्यापर्यंतचे 40 वजा करा: 75. कालावधी चार दिवसांचा असो की चार वर्षांचा, एकच वजाबाकी.

```
P = [0]
for x in vikri:
    P.append(P[-1] + x)

def berij(l, r):
    return P[r] - P[l-1]
```

सुरुवातीचं ते शून्य गाळू नये. ते असलं की पहिल्या दिवसापासूनचा कालावधीही याच सूत्रात बसतो. शून्य न ठेवता, दिवस 0 पासून मोजून हेच सूत्र वापरलं तर पायथॉनमध्ये पहिल्या दिवसापासूनच्या कालावधीची चूक लपून राहते, कारण `P[-1]` म्हणजे यादीतला शेवटचा आकडा; एरर न येता भलतंच उत्तर मिळतं. आणि वजा करायची ती `l` च्या, म्हणजे कालावधीच्या पहिल्या दिवसाच्या, आदल्या दिवसाची बेरीज. `P[l]` वजा केलं की पहिला दिवस गळतो, आणि त्या दिवशी विक्री शून्य असेल तर चाचणीतही ते कळत नाही.

तारखेवरून क्रमांक काढताना आम्ही पहिल्या तारखेपासूनचं अंतर मोजून त्यात एक मिळवतो. त्यामुळे बंद दिवसांचीही शून्याची नोंद लागते. ती वगळली की पुढचे सगळे दिवस एकाने सरकतात. रकमा मात्र चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवतो. अपूर्णांकी रकमा फ्लोटमध्ये साठवल्या तर बारीक चुका बेरजेत साचत जातात, आणि विक्री व परत आलेला माल सारखाच असलेल्या कालावधीचं उत्तरही वजाबाकीत अचूक शून्य येईलच असं नाही. लहान एककात आकडे फुगतात, म्हणून 64 बिटांचा पूर्णांक घ्यावा. 32 बिटांची चिन्हासहित मर्यादा 2,147,483,647 आहे आणि साठत जाणारी बेरीज ती सहज ओलांडते.

खरं डोकं खाल्लं ते उशिरा येणाऱ्या दुरुस्त्यांनी. वरच्या उदाहरणात चौथ्या दिवसाच्या विक्रीतून 15 कमी करायचे आहेत. मग चौथ्यापासून सातव्यापर्यंतच्या सगळ्या बेरजा 15 ने उतरल्या पाहिजेत. फक्त `P[4]` बदलून 110 केलं तर चौथा दिवस बरोबर 45 दाखवतो, पण पाचवा -10 ऐवजी 5 दाखवतो. आठवड्याची बेरीज 185 व्हायला हवी, ती 200 च राहते. एका दिवसातून काढलेली रक्कम लगेच दुसऱ्या दिवशी वर आलेली दिसली की अर्धवट दुरुस्ती झाली असं समजावं.

यावर फेनविक ट्री, म्हणजे बेरजा तुकड्यातुकड्यांनी साठवणारी रचना, हा उपाय नेहमी सुचवला जातो. दहा वर्षांच्या सुमारे 3,650 नोंदींवर त्यात दुरुस्तीला जास्तीत जास्त 12 पायऱ्या लागतात, कारण 2 चा बारावा घात 4,096 होतो. पण प्रत्येक बेरजेलाही साधारण तितक्याच पायऱ्यांपर्यंतची दोन उत्तरं काढून वजाबाकी करावी लागते. दुरुस्त्या आणि प्रश्न सतत एकमेकांत मिसळून येत असतील तर तो जरूर घ्यावा. आमच्याकडे प्रश्न भरपूर आणि दुरुस्त्या मोजक्या, म्हणून बदललेल्या दिवसापासून पुढची यादी पुन्हा बांधणं हेच स्वस्त पडतं. 3,650 बेरजा संगणकाला काहीच नाहीत. नवी यादी बाजूला पूर्ण तयार करून मगच जुन्याच्या जागी बसवतो, नाहीतर मधेच आलेल्या प्रश्नाला अर्धी जुनी, अर्धी नवी यादी मिळेल. रोज रात्री मूळ आकड्यांची बेरीज `P` च्या शेवटच्या आकड्याशी ताडून पाहतो.

सरासरी बिलासाठी बिलांच्या संख्येची वेगळी अशीच यादी ठेवली आहे. कालावधीतला सर्वांत मोठा दिवस किंवा वेगवेगळे ग्राहक किती, हे मात्र यातून मिळत नाही: आजवरच्या कमाल विक्रीतून आदल्या कमाल विक्रीची वजाबाकी करून काही हाती लागत नाही, आणि तोच ग्राहक दोन्हीकडे मोजलेला असू शकतो. त्या अहवालांना वेगळी रचना लागते.