बारा-आठच्या संथ लयीतला दुसरा ठोका

नाशिक, रविवार रात्र

आजचा रियाज एकाच गोष्टीवर झाला: संथ बारा-आठच्या बॅलडमधला दुसरा आणि चौथा ठोका. या नोंदी इथे लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडे कीबोर्डवर बसणाऱ्या पुष्कळांचा कान आधी भजनात आणि भावगीतात तयार झालेला असतो, आणि त्या कानाला ही लय चटकन दादऱ्यासारखी वाटते.

हिशेब तसा बरोबर जुळतो. एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा, एकूण बारा. म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. अडचण वजनात आहे. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते, तिथे डग्ग्याची घुमक निघून जाते आणि हात आपोआप हलका पडतो. बॅलडमध्ये नेमकी तीच चौथी मात्रा म्हणजे दुसरा ठोका, आणि तिथे स्नेअर वाजतो. दहाव्या मात्रेवर पुन्हा तेच. दादऱ्याच्या सवयीने वाजवलं, तर स्वर सगळे बरोबर असूनही गाणं झोके घेत राहतं, जागेवर बसत नाही.

वाजवायला घेतलं ते अगदी साधं: सी, ए मायनर, एफ, जी, प्रत्येक कॉर्डला एक बार, लय मिनिटाला ६० ठोके. म्हणजे एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. उजव्या हाताने मधल्या सीपासून सी-ई-जी, मग वरचा सी आणि परत जी-ई. ही सहा स्वरांची लाट एका बारमध्ये दोनदा येते. बोटं १-२-३-५-३-२. पुढच्या कॉर्डना हात उचलायचा नाही. ए मायनरला सी-ई-ए-सी, एफला सी-एफ-ए-सी, आणि जीला थोडं खाली सरकून बी-डी-जी-बी. या तिन्हींना १-२-४-५ ही बोटं बसतात. पहिले तीन बार अंगठा सीवरून हलतच नाही, त्यामुळे लक्ष सगळं लयीकडे देता येतं.

या लाटेचं मला आवडणारं वैशिष्ट्य म्हणजे तिचा सगळ्यात उंच स्वर बरोबर चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतो. वजन हवं तिथेच शिखर. पण त्या शिखरावर करंगळी असते, हातातलं सगळ्यात दुबळं बोट, आणि पहिल्या मात्रेवर असतो जाडजूड अंगठा. त्यामुळे काही न ठरवता वाजवलं की अंगठा आदळतो आणि करंगळी विरते. करंगळी जोरात आपटून उपयोग नाही, तिने स्वर टोचल्यासारखा निघतो. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात करंगळीकडे किंचित वळवायचा, म्हणजे वजन हाताचं पडतं. आधी फक्त पहिली आणि चौथी मात्रा वाजवायची, मधल्या पट्ट्यांना बोट नुसतं लावायचं, आवाज काढायचा नाही. हे नीट जमलं की मधले स्वर हलके भरायचे.

चार स्वरांची सी-ई-जी-सी अशी सरळ चढण सलग वाजवायचा मोह होतो. तो टाळावा. चारचे गट बारामध्ये तीनदा बसतात, म्हणून खालचा सी पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मात्रेवर येतो आणि ऐकणाऱ्याला चारऐवजी तीन ठोके लागतात. अंतऱ्याकडे वळताना एखाद्या बारमध्ये मुद्दाम घेतलं तर ते सुंदर वाटतं, पण तेव्हा डाव्या हाताने चार ठोके ठाम धरलेले हवेत.

एरवी डाव्या हाताला काम थोडंच आहे. पहिल्या ठोक्यावर कॉर्डचा मूळ स्वर, तिसऱ्यावर त्याचा पंचम, दोन्ही लांब धरलेले. तिथे खाली ई किंवा ए असा तिसरा स्वर मिसळला की सगळं गढूळ होतं. सस्टेन पेडल कॉर्ड बदलते त्याच क्षणी सोडायचं आणि दुसऱ्या मात्रेपर्यंत पुन्हा दाबायचं. ठोक्याबरोबरच दाबलं तर आधीच्या कॉर्डचे स्वर नव्या कॉर्डमध्ये राहून जातात. एफवरून जीवर जाताना हे लगेच कानाला खुपतं, कारण तिथे एकही स्वर सामायिक नाही.

मेट्रोनोम बाराही मात्रांवर वाजवू नये, त्याने हात यंत्रासारखा होतो. फोनवरचा मेट्रोनोम ३० वर लावावा आणि त्याची टिकटिक दुसरा आणि चौथा ठोका धरावी. जुन्या लाकडी मेट्रोनोमवर खुणा ४० पासून सुरू होतात, तिथे हे साधत नाही. सुरुवातीला कान त्या टिकटिकीला सम समजून तिथूनच बार मोजायला लागतो. तसं झालं की हात थांबवून तोंडाने 'एक' म्हणायचं, टिकटिकीवर 'दोन' येऊ द्यायचं, आणि दोन-तीन बार असे मोजून झाल्यावरच पट्ट्यांना हात लावायचा.

उद्या हेच ५२ वर. मेट्रोनोम २६ पर्यंत उतरत नसेल, तर ५२ वरच ठेवून चारही ठोक्यांवर टिकटिक घ्यायची. एवढ्या संथ लयीत प्रत्येक ठोक्यातली तिसरी मात्रा लवकर यायला लागते आणि पुढचा ठोका त्याच्यामागून ओढला जातो, म्हणून कान मुख्यतः तिसऱ्या आणि नवव्या मात्रेवर ठेवायचा.