काळं लुगडं

जुना काळा-पांढरा फोटो रंगवून घ्यायला आलेला मुलगा पंचविशीचा. त्याच्या आजीचं माहेरचं कुटुंब. खुर्चीत वडील, शेजारी उभी आई, आईच्या पुढ्यात चार वर्षांची मुलगी. ती मुलगी म्हणजे त्याची आजी, आता ब्याऐंशी वर्षांची. फोटो 1940च्या दशकातला, सांगलीतल्या एका स्टुडिओत काढलेला. "ताई, पणजीचं लुगडं काळं होतं, चंद्रकळा असणार. बाकी रंग तुम्हाला सुचतील तसे द्या," तो म्हणाला.

प्रिंट पिवळी पडली होती. अशा वेळी मी स्कॅन रंगीतच करते आणि मग फक्त रेड चॅनल, म्हणजे चित्रातला लाल प्रकाशाचा भाग, उचलते. पिवळा डाग ब्लू चॅनलमध्ये काळा दिसतो, रेडमध्ये जवळजवळ विरून जातो. त्यावरून राखाडी प्रत केली, ओरखडे भरले, फाइल पुन्हा आरजीबीत नेली आणि चेहऱ्यांपासून सुरुवात केली.

त्वचेच्या रंगाचा संदर्भ मी शक्यतो त्याच घरातून घेते. मुलाच्या आईला आणि मावशीला दारातल्या उजेडात बसवून, रंग नेमके यावेत म्हणून हातात करड्या रंगाचं ग्रे कार्ड देऊन फोटो काढले. मग रंगाचा नमुना उचलणारा आयड्रॉपर एका पिक्सेलवर न ठेवता 11 बाय 11च्या सरासरीवर ठेवला आणि कपाळ, गाल, हनुवटीखाली असे नमुने घेतले. उजेडातले वेगळे, सावलीतले वेगळे. कपाळ पिवळसर असतं, गाल, नाक आणि कान तांबूस, आणि सावलीतला रंग नुसता गडद नसतो, जास्त लालसर आणि भरलेला असतो. सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या आकड्यांत पाहिलं तर आपल्याकडच्या त्वचेत यलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त येतो आणि सायन मॅजेंटाच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. आकडे याच्या फार बाहेर गेले की चेहरा आजारी तरी दिसतो, नाहीतर शेंदूर फासल्यासारखा.

पहिला लेयर गालाच्या मधल्या रंगाचा, ब्लेंड मोड 'कलर'. या मोडमध्ये उजेड-अंधार खालच्या फोटोचा राहतो आणि वरून फक्त रंग येतो. एवढ्यावर थांबलं तर चेहरा मातीच्या गणपतीसारखा एकरंगी दिसतो. म्हणून त्यावर गाल, कान आणि बोटांच्या पेरांसाठी तांबूस लेयर 'सॉफ्ट लाइट'मध्ये पंधरा टक्क्यांवर, हनुवटीखालच्या सावलीसाठी लालसर तपकिरी 'मल्टिप्लाय'मध्ये, आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर जिथे प्रकाश चमकतो तिथे रंग बराच काढून टाकलेला.

सगळं नेहमीसारखं केलं, तरी चेहरे मळकट दिसत होते. ओठ काळपट, जणू विडी ओढणाऱ्याचे. रंग तीनदा बदलला, मळ गेला नाही. मग बाईंच्या कपाळावरचं कुंकू मोठं करून पाहिलं. ते ठार काळं होतं. मी कलर मोडमध्ये लाल रंग भरला, तरी ते काळंच राहिलं. राहणारच, कारण हा मोड खालचा अंधार हलवत नाही आणि काळ्याला रंग चढत नाही.

पण कुंकू मुळात काळं का? त्या काळी अनेक स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा वापरत. त्यांना निळा आणि हिरवा प्रकाश दिसतो, लाल दिसत नाही. म्हणून तर त्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली धुता येत. अशा प्लेटवर लाल वस्तू काळी उमटते. आपल्या त्वचेत लाल-तपकिरी भाग मोठा, म्हणून ती असते त्याहून काळवंडते, ओठ तर फारच.

आणि मग नजर लुगड्यावर गेली. खांद्यावरून आलेला पदर काळा, त्यावर पांढऱ्या कळसांसारखी नक्षी. आमच्या भागात कोणीही ओळखेल, हा इरकलीचा पदर. इरकलीचा पदर लाल रेशमाचा असतो, नक्षी पांढरी. म्हणजे पदरातलं लाल इथे काळं झालं होतं, आणि लुगड्याचं अंगही अगदी त्याच काळ्याचं होतं. मग अंग काळं, की तेही लाल? फोटोवरून सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण या प्लेटला दोन्ही सारखेच.

मी आजींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "लुगडं आठवत नाही गं, पण आईच्या लुगड्यांच्या गोधड्या माझ्याकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी नातू गोधडी घेऊन आला. एका कोपऱ्यात तोच काठ, फोटोतल्याशी रेघ न् रेघ जुळणारा, आणि त्याला लागून विटकं गुलाबी कापड. शिवण हलकी उसवून आतली घडी उलगडली. जिथे ऊन लागलं नव्हतं तिथे गडद कुंकवाचा लाल होता.

खात्री करायला त्या घडीचा फोटो काढला आणि चॅनल मिक्सरमध्ये मोनोक्रोम करून रेड शून्य, ग्रीन 50, ब्लू 50 ठेवलं. साधारण ऑर्थो प्लेटला दिसेल तसं. लाल कापड बघता बघता काळं झालं. नातू पडद्याजवळ सरकला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

चेहऱ्यांसाठीही मग हाच मार्ग घेतला. मावशीच्या रंगीत फोटोच्या दोन राखाडी प्रती काढल्या, एक साधी आणि एक रेड शून्य केलेली. दोन्हींत गाल किती उजळ-काळा होतो तो फरक मोजला आणि जुन्या चेहऱ्यांना उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या कर्व्ह्जने तेवढंच उजळलं, ओठांना थोडं जास्त. इथे मी फार जपते. "जरा गोरी करा" ही मागणी येतेच, आणि कर्व्ह हातात असला की मोह होतो. पणजी सावळी होती. मोजलेल्या फरकापुढे मी गेले नाही. उजळल्यावर आधीचेच त्वचेचे लेयर, काही न बदलता, जिवंत दिसायला लागले.

लुगड्याला मास्क करून तेही कर्व्ह्जने वर उचललं, मगच लाल कलर मोडमध्ये सत्तर टक्के आणि खोली यावी म्हणून वर सॉफ्ट लाइटचा एक लेयर. निऱ्यांच्या खोल भागात प्लेटवर काहीच उमटलेलं नव्हतं, तिथे उचलल्यावर नुसते दाणे दिसले. ते भाग मी गडदच ठेवले. नसलेल्या घड्या रंगवून काढणं मला पटत नाही.

वडिलांच्या कोटाला काहीच पुरावा नव्हता. तो करडा ठेवला आणि तो अंदाज आहे असं सांगितलं. छोट्या मुलीचा फ्रॉक मधल्या राखाडी छटेचा होता, त्याला मी फिकट निळा दिला होता.

आजी स्वतः बघायला आल्या. आईच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, पदरावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बाळ, माझा फ्रॉक पिवळा होता. नंतर तो धाकटीला घातला, चांगला लक्षात आहे माझ्या."

मी घरातला एक हळदी रंगाचा रुमाल त्याच मिक्सरमधून काढून पाहिला. राखाडी, फ्रॉकच्या छटेच्या अगदी जवळ. फिकट निळा तर अशा प्लेटवर जवळजवळ पांढरा उमटला असता. हे मला आधीच सुचायला हवं होतं. आजी समोरच्या खुर्चीत बसून होत्या, त्यांच्यासमोरच मी फ्रॉकचा लेयर उघडला आणि निळा पुसून पिवळा भरला.