वहीत न लिहिलेले चेंडू

जुलैचा पहिला आठवडा होता. बाहेर पाऊस कोसळत होता. वर्षभर माझ्याकडे व्यायामाला येणारा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा दारातूनच म्हणाला, "सर, कंबर धरलीय. रविवारी कांगा लीगची मॅच आहे, काहीतरी करा ना." नेमकं कुठे दुखतंय ते दाखव म्हटल्यावर त्याने डाव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर, एक बोट टेकवलं. मी तिथेच सावध झालो. स्नायू धरला असेल तर माणूस सहसा पंजा फिरवून दाखवतो, असं एका बोटावर आणत नाही.

त्याला डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला लावलं. अर्ध्यातच तो कळवळला. उजव्या पायावर मात्र आरामात वाकला. उजव्या हाताच्या गोलंदाजाचं हे ठरलेलं दुखणं. चेंडू सोडताना डावा पाय जोरात टेकतो, वजनाच्या पाच-सहा पट भार वर येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे कललेली, डावीकडे वाकलेली आणि पिळलेली असते. त्या बाजूच्या खालच्या मणक्याची मागची बारीक कमान हे सगळं सोसते.

टाकलेले चेंडू तो ज्या वहीत लिहायचा, तिच्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फक्त ४८ चेंडू होते, एका सराव सामन्याचे. मी विचारलं, "आणि नेट्स?" तो म्हणाला, "नेट्सचे कोण मोजतं, सर?" मग आम्ही फरशीवर बसलो आणि त्याच पंधरवड्यात झालेल्या सराव शिबिराचे त्याच्या मोबाइलवरचे निरोप एकेक करून वाचले. बारा दिवस, रोज जवळपास चाळीस चेंडू. म्हणजे आठवड्याला साधारण २४०. त्याआधी मे महिन्यात परीक्षेमुळे तो आठवड्याला जेमतेम ६० टाकत होता. एकदम चौपट! हाड असा भार लगेच बोलून दाखवत नाही, तीन-चार आठवड्यांनी दाखवतं. म्हणूनच शिबिरात त्याला ठणठणीत वाटत होतं.

यातला माझा वाटा मला टोचला. वहीतल्या ४८ चेंडूंवर विसंबून त्याच पंधरवड्यात मी त्याला जड डेडलिफ्ट दिली होती, पाठ मागे उचलायचे आणि धड पिळायचे व्यायामही दिले होते. नेट्समध्ये जी हालचाल तो रोज चाळीस वेळा करत होता, तीच मी वजन देऊन आणखी करून घेत होतो.

रविवारचा सामना बंद केला आणि त्याला क्रीडा-दुखापतींच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे ठीक होता, पण अशा सुरुवातीच्या दुखण्यात तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. एमआरआयमध्ये कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या कमानीत सूज दिसली. भेग अजून पडलेली नव्हती. गोलंदाजी तीन महिने बंद.

त्या काळात धडाचा व्यायाम उलटा बांधला: कंबर वळवायची नाही, वळू द्यायची नाही. साइड प्लँक झाला, छातीसमोर ताणलेला रबरी पट्टा स्थिर धरणं झालं, दुखणं थांबल्यावर एकाच हातात डंबेल घेऊन सरळ चालणं आलं. एका बाजूचं वजन धडाला ओढतं आणि त्याने ताठ राहायचं; डावा पाय टेकताना त्याला नेमकं हेच लागतं. पायांची ताकद एकेका पायाच्या स्क्वॉटने टिकवली, पाठीवर बार न ठेवता.

खांद्याकडेही लक्ष हवं होतं. चेंडू सुटल्यावर हाताला आवर घालतात ते खांद्याच्या मागचे छोटे स्नायू, आणि तीन महिन्यांच्या विश्रांतीत तेही सैलावतात. म्हणून आठवड्यातून तीनदा डंबेल रोइंग आणि पट्ट्याने हात बाहेर फिरवणं चालू ठेवलं. सीमारेषेवरून केलेल्या फेकीही आता वहीत लिहायच्या, असं त्याला बजावलं.

दुसरा एमआरआय चांगला आला, डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा एक दिवसाआड २४ चेंडू, अर्ध्या रन-अपने, अशी सुरुवात केली. पूर्ण वेगावर यायला आणखी दोन महिने गेले. लागोपाठ दोन दिवस गोलंदाजी नाहीच. सामना रविवारी असला की जड व्यायाम मंगळवारी, गुरुवारी हलका आणि शुक्रवारनंतर वजनाला हात नाही.

कांगा लीगसारख्या पावसाळी लीगमध्ये एक अडचण वेगळीच असते. दोन रविवार मैदान भिजलं तर गोलंदाज बसून राहतो आणि तिसऱ्या रविवारी कर्णधार त्याच्याकडून पंधरा षटकं टाकून घेतो. ही जूनच्या शिबिराचीच उडी, फक्त तिला कोणी शिबिर म्हणत नाही. त्यामुळे सामना वाहून गेला तरी त्या दिवशी थोडी गोलंदाजी करायचीच, असं आमचं ठरलं.

पुढच्या जुलैत एका रविवारी दुपारी, आझाद मैदानावर पाणी साचलेलं असताना, त्याचा निरोप आला: "मॅच रद्द, सर. इनडोअरमध्ये ३६ टाकले. वहीत लिहिलेत."