दहावीच्या निकालाचं पत्र

मे 2021 च्या अखेरीस दहावीचा निकाल परीक्षेविना लावायचा शासन निर्णय आला, आणि तो पालकांना समजावून सांगणारं पत्र मुख्याध्यापक म्हणून मला लिहायचं होतं. निर्णयाची भाषा तशीच उतरवून पहिला मसुदा केला. आमच्या लिपिकाने तो वाचला आणि विचारलं, "सर, पण माझ्या पुतण्याला किती पडणार ते कुठे आहे?"

मग पत्र गणिताने सुरू केलं. प्रत्येक विषयाचे 100 गुण: नववीच्या अंतिम निकालाचे 50, दहावीत वर्षभर झालेल्या लेखी परीक्षांचे 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे 20. शेजारी एक काल्पनिक मुलगी घेतली. नववीत गणितात 100 पैकी 42, म्हणजे 21. दहावीच्या सराव परीक्षेत 80 पैकी 72, म्हणजे 27. अंतर्गत 20 पैकी 18. एकूण 66.

पत्र पोहोचलं आणि फोन सुरू झाले, ते सगळे त्या 42 वरूनच. एक आई म्हणाल्या, "सर, दहावीत एवढी मेहनत केली पोरीने, आणि नववी अर्ध्यात?" चूक नव्हतं त्यांचं. शिवाय या मुलांची नववी 2019-20 ची. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही, आणि निकाल प्रथम सत्र व वर्षभरातल्या चाचण्यांवर लावला होता. दिवाळीआधी आजारी पडलेल्या मुलाचे तेव्हाचे गुण आता दहावीच्या निकालात निम्मं वजन घेऊन बसले. मला ते पटत नव्हतं, पण नववीचा निकाल जाहीर होऊन गुणपत्रकं वाटली गेली होती. त्यात एक आकडाही हलवता येत नव्हता. तसं दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिलं.

दुसरी अडचण गोपनीयतेची. शाळेच्या निकाल समितीने भरलेले गुण मंडळाचा निकाल लागेपर्यंत सांगायचे नव्हते. मात्र नववीचे गुण पालकांच्या हातातच होते. म्हणून लिहिलं, "नववीचं गुणपत्रक काढा, प्रत्येक विषयाचे निम्मे करा. तेवढा निकाल आजच तुमच्यासमोर आहे. उरलेले 50 शाळेतल्या नोंदींवरून येतील." बरेच फोन त्यानंतर थांबले. काही वाढलेही, कारण हिशेब करून घाबरलेले पालक वेगळे.

त्यांच्यासाठी शेवटी श्रेणीसुधारची माहिती जोडली: निकाल मान्य नसेल तर पुढे लेखी परीक्षेच्या दोन संधी. निकाल 16 जुलैला लागला, राज्याचा 99.95 टक्के. त्या आईंनी मुलीसाठी श्रेणीसुधारचा अर्ज मागितला, मी दिला.