कडी, किल्ली आणि सव्वाआठचा फोन

सोमवार, रात्री पावणेअकरा

आज सव्वाआठला वरच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला, तो पूर्ण वाजून बंद झाला. लगेच परत लावला नाही. दूध तापत होतं, ते उतरवलं, डबे भरले आणि आठ पंचविसाला पुन्हा लावला. पहिल्याच रिंगला उत्तर आलं, "अगं, आंघोळीला गेले होते."

दोन वर्षांपूर्वी मी लागोपाठ पाच फोन केले असते. करायचेच तेव्हा. मग एकदा काकूच म्हणाल्या, "तू सारखी वाजवतेस ना, मला वाटतं कुणाचं काय झालं की काय. ओल्या पायांनी धावत येते मी." मोबाइल जेमतेम अर्धा मिनिट वाजतो. तेवढ्यात पलंगावरून उठायचं, चष्मा शोधायचा आणि फोनपर्यंत पोचायचं, हे ८२व्या वर्षी जमत नाही. म्हणजे काकू पडतील या धास्तीने मी फोन करत होते आणि त्यांना पाडायची सोय मीच करून ठेवत होते! तेव्हापासून आमचा करार आहे. एक फोन पूर्ण वाजू द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. दुसराही नाही उचलला तर मी जिना चढते. काकूंना हे माहीत असल्यामुळे पहिल्या फोनला त्या आता जागच्या हलतही नाहीत, सावकाश येतात.

नुसत्या किल्लीने भागत नाही हे ज्या दिवशी कळलं तो दिवस आज लिहूनच ठेवते, कारण तळमजल्यावरच्या वहिनींनी संध्याकाळी विचारलं, "तुम्ही काकूंकडची किल्ली ठेवता ना, मग झालं की?" नाही झालं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी नऊ वाजून गेले तरी काकूंची दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकत होती. किल्ली घेऊन वर गेले, लॅच उघडलं, पण दार इंचभरही सरकेना. आतून वरची कडी लावलेली. आतून क्षीण आवाज येत होता, "पडलेय गं." शेवटी १०१ला फोन केला. जवान मागच्या गॅलरीला शिडी लावून आत उतरले. काकू पहाटेपासून मोरीच्या दाराशी पडून होत्या. आम्ही दोघी-तिघी उचलायला धावलो, तर त्यातल्या एकाने हात आडवा धरला. आधी विचारा कुठे दुखतंय, पाय हलतोय का. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. मग उभं करायचं नाही, पांघरूण घालायचं आणि १०८ची वाट बघायची. काकूंचं हाड शाबूत होतं. त्यांना हुडहुडी भरली होती आणि भयंकर राग आला होता, मुख्यतः स्वतःच्या कडीवर.

त्याच आठवड्यात सुतार बोलावला. वरची कडी काढली आणि आतून-बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसवलं. किल्ली आतल्या बाजूने कुलपात तशीच अडकवून ठेवली तर बऱ्याच कुलपांत बाहेरची किल्ली शिरत नाही, म्हणून ती आता खुंटीवर असते. मोरीची कडीही लावायची नाही, बाहेर हँडलवर टॉवेल असला की आत कुणीतरी आहे. काकू पहिल्यांदा म्हणाल्या, "कडीशिवाय झोप नाही यायची मला." साहजिक होतं, पन्नास वर्षांची सवय. मग एक दुपारभर आम्ही दोघींनी दार बंद करून, मी बाहेरून ढकलून, लॅच किती पक्कं आहे ते बघितलं. तेव्हा कुठे पटलं.

मंगळवार

वहिनींचा दुसरा प्रश्न, "रोज फोन करून बोलायचं काय?" हा मात्र खरा प्रश्न. मी सुरुवातीला विचारायचे, "तब्येत कशी आहे?" त्यावर "बरी आहे" म्हटलं की दोघी गप्प. रोज तब्येतीची चौकशी झाली की माणसाला आपण रुग्ण आहोत असं वाटायला लागतं. आता मी माझंच काम काढते. परवाचं काम म्हणजे वाल. दोन दिवस झाले, मोड येईनात. काकूंनी उलटतपासणीच घेतली. किती तास भिजवलेस? पाणी बदललंस का? फडकं कोरडं झालं होतं का? थंडीत वालाला एक दिवस पुरत नाही, पुरचुंडी बांधून डब्यात ठेव, वर जाड पंचा टाक आणि कोमट पाण्याचा हबका मार. "आणि सोलायला माझ्याकडे आण, तुझ्याच्याने ते बिरडं शुक्रवारपर्यंत व्हायचं नाही." आज दुपारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून वर गेले. पाऊण तास सोलत बसलो. बोलता बोलता कळलं की नव्या गोळीने त्यांना सकाळी उठल्यावर गरगरतं. हे फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना त्यांनी स्वतःच फोन लावला, मी वाल सोलत राहिले.

फोनवर ओरडायचं नाही, हेही उशिरा शिकले. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे स, श, फ असे आवाज निसटतात. आवाज चढवला की आपण नेमकं तेच टोक चढवतो. खालच्या पट्टीत, शब्द सुटे करून बोललं की चालतं. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा फेकायचं नाही, वेगळ्या शब्दांत सांगायचं. "सातला" म्हटलेलं "आठला" ऐकू येतं, "संध्याकाळी दिवे लागल्यावर" म्हटलं की घोटाळा होत नाही. माझ्या लेकीचा बारीक आवाज त्यांना कळत नाही, म्हणून ती व्हिडिओ कॉल करते. ओठ दिसले की निम्मं काम होतं.

बुधवार

मुलाला काय कळवायचं हे काकूंनी ठरवून दिलंय. तो टोरंटोला असतो. पडले, दवाखान्यात गेले, तर लगेच. खोकला झाला, कामवाली आली नाही, हे नाही. "त्याची झोप मोडून इथला नळ गळायचा थांबणार आहे का?" एकदा मी न विचारता त्याला सर्दीचं सांगितलं आणि काकू दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. बरोबरच होतं त्यांचं.

पुढच्या आठवड्यात मी कोल्हापूरला चाललेय. एकटीच्या भरवशावर हे चालत नाही, आजारपण मलाही येतंच. म्हणून आज वहिनी, समोरचे काका आणि मी काकूंच्याच घरी बसलो. सकाळचा फोन वहिनींनी घेतला. काकांनी संध्याकाळचा नको म्हटलं, फोनवर बोलणं त्यांना जमत नाही, पण पेपर वाचून झाला की रोज शब्दकोडं घेऊन वर जाईन म्हणाले. काकूंनी अट घातली की कोडं पेन्सिलने सोडवायचं. दाराच्या आत एक कागद चिकटवला, त्यावर गोळ्यांची नावं आणि वेळा, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि १४५६७. शेवटचा नंबर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा. पेन्शन, कायदा, तक्रार अशा कामांचा, रुग्णवाहिकेचा नाही, म्हणून दोन्ही लिहिले. अक्षर काकूंनी स्वतः मोठं काढलं. माझं त्यांना वाचता येत नाही म्हणे.

निघताना वहिनींनी विचारलं, "सव्वाआठच ना?" काकू म्हणाल्या, "साडेआठ कर. सव्वाआठला मी आंघोळीत असते, हिला दोन वर्षांत सांगायचं राहूनच गेलं."