शिफ्ट, नमपॅड आणि एक नम्र मेल

आमच्या गेममध्ये कॅमेरा फिरवावा लागत नाही, म्हणून माऊस लागत नाही. सगळा खेळ कीबोर्डवर. डाव्या हाताने W A S D वर चालायचं आणि करंगळीने डावी शिफ्ट धरून धावायचं. उजव्या हाताने J दाबून पेटी पकडायची, K दाबून उडी मारायची. पुण्यातला छोटा स्टुडिओ आहे आमचा आणि कीबोर्ड, कंट्रोलर वगैरे इनपुटचं सगळं काम माझ्याकडे आहे.

रिलीजनंतर सपोर्टच्या इनबॉक्सची यादी मी सहसा चाळत नाही. त्या दिवशी एक क्रॅश शोधत होते म्हणून उघडली. तिथे ‘सूचना’ या वर्गात तो मेल होता. अपघातानंतर डावा हात खांद्यापासून चालत नाही, गेम आवडला, चित्रं फार सुंदर आहेत, संगीतही. मग खाली, जवळजवळ शेवटी: ‘शक्य असल्यास पुढच्या अपडेटमध्ये की बदलण्याची सोय द्यावी. सगळ्या की उजवीकडच्या आकड्यांच्या नमपॅडवर आणता आल्या तर मी पहिल्या प्रकरणाच्या पुढे जाऊ शकेन. तुमच्यावर कामाचा ताण असेल याची कल्पना आहे.’

पैसे देऊन घेतलेला गेम पहिल्या प्रकरणातच अडकला होता. हेच वाक्य ‘तिसऱ्या दारापाशी गेम बंद पडतो’ असं असतं, तर त्याला ‘बग’ म्हणून लाल खूण लागली असती आणि संध्याकाळच्या आत कुणीतरी कामाला लागलं असतं. माणसाने सौजन्याने लिहिलं म्हणून ते सूचना ठरलं. सपोर्टवाल्या मुलांना मी दोष देत नाही, कारण त्यांना दिलेल्या यादीत या प्रकारासाठी रकानाच नव्हता. पण ती यादी चुकीची आहे, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि इथेही सांगते.

मीटिंगमध्ये दोन आक्षेप आले. पहिला असा, की बाहेरच्या सॉफ्टवेअरने की बदलता येतात, मग गेममध्ये कशाला? बदलता येतात हे खरं. पण मग स्क्रीनवर ‘J दाबा’ असं येत राहतं आणि खेळणाऱ्याला दर वेळी मनात हिशोब करावा लागतो की आपला J म्हणजे एंटर. गेममधून बाहेर पडून कुणाला उत्तर लिहायला गेलं तर तिथेही एंटरऐवजी J उमटतं. दुसरा आक्षेप खास कंट्रोलरचा. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेला अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर फार विचारपूर्वक केलेली वस्तू आहे. बाहेरची मोठी बटणं, पायाने दाबायचे स्विच त्याला जोडता येतात. पण ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि चांगला चालणारा उजवा हात आहे, त्याला आधी महागडी खरेदी करा असं सांगणं मला पटत नाही.

निर्मात्यांनी होकार दिला. कोडमध्ये जिथे जिथे थेट W किंवा J लिहिलं होतं तिथे ‘चाल’, ‘पकड’ अशी क्रियांची नावं घातली आणि कोणती क्रिया कोणत्या कीवर याचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. जास्त वेळ चित्रांनी खाल्ला. ‘J’ हे अक्षर कलाकाराने लाकडी पाटीवरच रंगवलेलं होतं, तशा पाट्या सगळीकडे होत्या. त्या कोऱ्या करून अक्षर वरून छापायची सोय केली. मग चाचणीचं बिल्ड मेल लिहिणाऱ्यांना पाठवलं. त्यांनी चालणं ४ ५ ६ ८ वर ठेवलं, उडी अधिकच्या चिन्हावर, पकड नमपॅडच्या एंटरवर. पंधरा इंची लॅपटॉपवर उजवी शिफ्ट नमपॅडला जवळजवळ खेटून असते, म्हणून धावणं उजव्या शिफ्टवर, अंगठ्याने.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मनापासून आभार, आणि ‘बहुधा माझंच काही चुकत असेल, पण धावायला गेलं की पात्र जागेवर थांबतं.’

माझ्याकडे ते घडेना. घडणार कसं? आमच्या टीममध्ये सगळ्यांचे कीबोर्ड छोटे, नमपॅड नसलेले. अकाउंट्सच्या काकांचा, टॅली चालवायचा कीबोर्ड मागून आणला आणि पहिल्याच प्रयत्नात पात्र थांबलं. नमपॅडवर आकडे की बाण हे ठरवणारा नमलॉक बंद केला तर पात्र चालेचना, कारण तेव्हा चालण्याच्या कीच ओळखीच्या राहिल्या नाहीत. विंडोज आम्हाला काय कळवतंय ते छापून पाहिलं. शिफ्ट दाबून धरायची, नमपॅडवरचा ६ दाबून सोडायचा, एवढंच केलं होतं:

```
Shift   down
Shift   up
Right   down   scan 4D
Right   up     scan 4D
Shift   down
```

शिफ्टवरचं बोट हललेलं नसताना ती सुटल्याचा निरोप आला होता. नमलॉक चालू असताना शिफ्टसकट नमपॅडचा आकडा दाबला, की विंडोज त्याला आकडा न मानता बाण मानतं. तो नुसता बाण वाटावा, शिफ्टसकटचा वाटू नये, म्हणून स्वतःच शिफ्ट क्षणभर सोडल्याचं कळवतं आणि ६ सुटला की पुन्हा दाबल्याचं. मजकूर लिहिताना ही जुनी सोय उपयोगी असेल. गेमला मात्र दिसतं ते असं: धावणं सुटलं, चालायची की नाहीशी झाली, आणि भलतीच एक की आली जिला आम्ही काहीच काम दिलेलं नाही.

उपाय दोन भागांत केला. नावाऐवजी स्कॅन कोड वाचायला लागलो. कोणती की शारीरिकदृष्ट्या दाबली गेली याचा तो क्रमांक असतो. नमपॅडच्या ६ चा तो 4D, मग नमलॉक चालू असो की बंद. खऱ्या उजव्या बाणाचाही 4D च असतो, पण त्याच्यापुढे E0 ही जादा खूण येते, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येतात. दुसरा भाग शिफ्टचा. तिचे खोटे निरोप गाळत बसण्यापेक्षा, चालणं नमपॅडवर असताना कुणी शिफ्ट निवडली तर स्क्रीनवर कारण सांगून दुसरी की सुचवायची असं ठरवलं. त्यांनी धावणं शून्यावर नेलं. तिथे अंगठा आपसूकच पडतो.

आणि तेव्हा खरी अडचण समोर आली, जी त्यांनी मागितलीच नव्हती. पेटी ओढत धावताना पकड धरून ठेवायची, धावणं धरून ठेवायचं, दिशा धरून ठेवायची आणि मध्येच उडी मारायची. पकड आणि उडी दोन्ही त्यांच्या करंगळीकडे. की कुठेही हलवल्या तरी एका वेळी दाबायच्या कींची संख्या कमी होत नाही. म्हणून ‘धरून ठेवा’च्या जोडीला ‘एकदा दाबा, चालू, पुन्हा दाबा, बंद’ हा पर्याय प्रत्येक क्रियेला स्वतंत्रपणे दिला. स्वतंत्रपणे अशासाठी, की त्यांना पकड आणि धावणं तसं हवं होतं, पण वाकणं धरूनच ठेवायला बरं वाटत होतं. चालू असलेली पकड विसरून माणूस कड्यावरून खाली जाऊ नये म्हणून पात्राच्या हाताशी छोटी खूण दाखवली.

आता ते चौथ्या प्रकरणात आहेत. माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट अशी, की मागितलं तेवढंच दिलं असतं तर टिकीट ‘पूर्ण’ म्हणून बंद झालं असतं, त्यांनी आभार मानले असते आणि गेम तिथेच अडकला असता. पुढचं मागायला त्यांना संकोच वाटला असता, हे त्यांच्या प्रत्येक मेलमधून दिसतं. म्हणून आता मी उत्तरात ‘काही सुचवायचं आहे का’ असं विचारत नाही. ‘गेम कोणत्या ठिकाणी थांबला आणि तेव्हा कोणतं बोट कुठे होतं’ असं विचारते.

तसं विचारल्यावर कालच कळलं, की नव्याने गेम सुरू केला तर सेटिंग्ज उघडायच्या आधी शिकवणीचा भाग खेळावा लागतो, आणि तो मूळच्या कींवरच. त्यांच्या मित्राने शेजारी बसून तेवढा खेळून दिला होता. पहिल्याच पडद्यावर ‘कंट्रोल्स’चं बटण आणण्याचं टिकीट मी ‘बग’ या वर्गात टाकलं आहे. शुक्रवारच्या पॅचमध्ये ते जाईल.